तयार सूट घेताना: आधी खांदा, मग बाही, अस्तर आणि ऑल्टरेशन

तुळशीचे लग्न लागले की सांगलीच्या कापड पेठेत आणि हरभट रोडवर सुटाची खरेदी सुरू होते. नवरदेव, त्याचे भाऊ, मेहुणे असे चार-पाच जण एकदम दुकानात येतात, आणि तासाभरात सगळ्यांचे कोट ठरलेले असतात. घाईत एक गोष्ट लक्षात येत नाही. कोट अंगावर चढवून गिऱ्हाईक आरशासमोर उभे राहिले की विक्रेता हळूच मागे जातो, पाठीवरचे सैल कापड मुठीत धरतो आणि म्हणतो, "बघा, कसा बसलाय." समोरून कोट खरोखरच बसलेला दिसतो. तो हात सुटला की मगच खरा कोट दिसतो, म्हणून पहिली विनंती अशी, की आरशात पाहताना कोणालाही मागे उभे राहू देऊ नये.

विक्रेत्याचे दुसरे ठरलेले वाक्य असते, "बाकीचं ऑल्टर करून देतो." हे अर्धे खरे आहे. कोटाची कंबर, बाहीची लांबी, पँटची कंबर आणि उंची हे बदलता येते, तेही आत किती कापड दाबलेले आहे त्यावर. खांदा, मुंढा (म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोल) आणि छातीचा समोरचा भाग मात्र जवळजवळ बदलता येत नाही. त्यामुळे तयार सूट निवडताना जे बदलत नाही ते आधी जुळवायचे आणि जे बदलते ते शिंप्यावर सोडायचे. माझ्या लग्नातला कोट मी याच्या उलट क्रमाने घेतला होता. पोटावर छान बसतो म्हणून घेतला आणि रुंद झालेला खांदा एका दुकानाने "कमी करून" दिला. त्यानंतर उजव्या बाहीला जी पिळ पडली ती शेवटपर्यंत गेली नाही.

गेल्या वर्षी भाच्यासाठी सूट घ्यायला गेलो तेव्हा हा क्रम नीट पाळला. मुलगा लहानपणापासून तालमीत जाणारा. छाती ४१ इंच, कंबर ३३ इंच, मान जाड आणि खांदे भरलेले. अशा अंगाला तयार सूट सर्वांत अवघड जातो, म्हणून त्याचेच उदाहरण पुढे घेतो.

दुकानात जाण्यापूर्वी

सुटाच्या चिठ्ठीवरचा ३८, ४०, ४२ हा आकडा छातीचा असतो, इंचांत. बहुतेक कंपन्या कोट आणि पँट यांच्यात ६ इंचांचा फरक धरतात, म्हणजे ४२ च्या कोटाबरोबर ३६ ची पँट येते. भाच्याच्या बाबतीत छाती आणि कंबर यांतला फरक ८ इंचांचा होता. म्हणजे दुकानात पाऊल टाकण्याआधीच हे कळलेले होते, की कोट बसला तर पँट सैल होणार आणि पँट बसली तर कोट आखडणार. घरी शर्टावरून टेपने छाती आणि कंबर मोजण्याचा फायदा इतकाच, की पुढे कोणती अडचण येणार हे आधी समजते.

अंगात पूर्ण बाह्यांचा फॉर्मल शर्ट असावा, आणि त्याची बाही हाताला बरोबर असावी, कारण कोटाची बाही तिच्यावरूनच ठरते. टी-शर्टवर कोट घालून पाहिला तर कॉलर आणि बाही या दोन्हींचा अंदाज चुकतो. कार्यक्रमाला घालायचे बूट सोबत न्यावेत. मोबाइल, पाकीट, किल्ल्या बाहेर काढून ठेवाव्यात. लग्नसराईत ऑल्टरेशनचे काम तुंबते, आणि एकदा दुरुस्त होऊन आलेला सूट पुन्हा एकदा दुरुस्तीला द्यावा लागू शकतो, म्हणून मधे किमान १५ दिवस असलेले बरे.

खांदा

कोट घालून वरचे बटण लावावे, हात मोकळे सोडावेत आणि छाती न फुगवता रोजच्यासारखे उभे राहावे. खांद्यावरून बोट बाहेरच्या बाजूला नेत गेल्यास जिथे हाड संपून दंडाचा उतार सुरू होतो, तिथेच कोटाच्या खांद्याची शिलाई संपली पाहिजे. पाव इंचाचा फरक चालतो. त्यापेक्षा अधिक असेल तर कोट बदलावा.

खांदा मोठा असल्याची खूण बाहीच्या वरच्या टोकाला दिसते. पॅड हाडाच्या बाहेर लोंबकळते आणि त्याच्या खाली, दंडावर, बोट ठेवता येईल असा खड्डा पडतो. शंका वाटली तर भिंतीला बाजूने टेकून उभे राहावे. दंड भिंतीला लागण्याआधी कोटाचे पॅड लागून दबत असेल तर खांदा मोठा आहे. खांदा लहान असल्याची खूण वेगळी असते. दंडाचा फुगवटा शिलाईच्या बाहेर येतो, बाहीच्या माथ्यावर आडव्या ताणरेषा उठतात आणि हात पुढे नेला की पाठीवर कापड आवळते.

भाच्याने आधी ४० नंबरचा कोट घातला. पोटावर तो अगदी अंगासरशी बसला आणि विक्रेत्याने पसंतीची मानही डोलावली. पण दंड शिलाईबाहेर आलेले होते. "मामा, ह्यात हात वर होत नाही," असे तो स्वतःच म्हणाला. त्या कोटाचा खांदा टेपने मोजला तर पावणेअठरा इंच भरला. ४२ नंबरचा घातला, तो सव्वाअठरा इंच होता आणि शिलाई बरोबर हाडावर आली. पोटावर मात्र तो पिशवीसारखा झाला. त्याला आरशात तो अजिबात आवडला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती, कारण ऑल्टरेशनच्या आधी बरोबर कोट बरेचदा असाच दिसतो. दोन्ही कोटांच्या खांद्यांत फरक फक्त अर्ध्या इंचाचा, पण तो अर्धा इंच नंतर कोणी देऊ शकत नाही.

याचे कारण कोटाच्या बांधणीत आहे. खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, पॅड आणि बाहीच्या माथ्यातली पट्टी काढावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो आणि मग मोठी राहिलेली बाही त्या नव्या गोलात चुण्या न पडू देता बसवावी लागते. मोजकेच कारागीर हे नीट करतात, आणि केले तरी मजुरी नव्या कोटाशी तुलना करावी अशी होते. खांदा वाढवणे तर अशक्यच, कारण शिलाईत तेवढे कापड ठेवलेलेच नसते.

मात्र खांद्याचा एक दोष सहज दुरुस्त होतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली असतो. अशा वेळी कॉलरपासून काखेकडे तिरकी सुरकुती फक्त एकाच बाजूला पडते. रुंदी बरोबर असेल तर त्या बाजूला थोडे जाड पॅड घातले की सुरकुती जाते.

मुंढ्याची परीक्षा हालचालीने होते. तयार कोट अनेक अंगांना चालावेत म्हणून त्यांचा मुंढा पुष्कळदा खोल ठेवलेला असतो, आणि मुंढा जितका खोल तितका हात वर करताना कोट जास्त वर सरकतो. वरमाला घालताना नवरदेवाची कॉलर कानापर्यंत येते ती यामुळेच. दोन्ही हात हार घालण्याच्या उंचीला न्यावेत. कोट थोडा उचलला जाणारच, पण हात खाली आणल्यावर कॉलर आपोआप जागेवर बसली पाहिजे. प्रत्येक वेळी ओढून बसवावी लागत असेल तर दुसऱ्या कंपनीचा त्याच नंबरचा कोट पाहावा, कारण मुंढ्याची खोली कंपनीगणिक बदलते.

कॉलर

कॉलर पाहायला दुसऱ्या कोणाला तरी मागून आणि बाजूने बघायला सांगावे. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला सगळीकडे चिकटून असावी आणि शर्टाची कॉलर तिच्यावर अर्धा इंच दिसावी. मधे फट राहत असेल तर तो कोट त्या पाठीसाठी कापलेला नाही असे समजावे. कॉलरच्या लगेच खाली, पाठीवर, आडवी वळी पडत असेल तर खांदे चौकोनी आहेत आणि कोट उताराच्या खांद्यांसाठी आहे. तालमीतल्या मुलांच्या जाड मानेमुळे ही वळी हमखास दिसते, भाच्यालाही होतीच. कॉलर उसवून थोडी खाली बसवली की ती जाते, आणि चांगला ऑल्टरेशन मास्टर हे काम करतो. वळी छोटी असेल तर घ्यायला हरकत नाही. फट मात्र मोठी असेल तर घेऊ नये.

बाही

हात सरळ खाली सोडल्यावर कोटाची बाही मनगटाच्या हाडाशी संपावी आणि तिच्याखाली शर्टाचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा. दोन्ही हात वेगवेगळे मोजावेत. अनेकांचे हात पाव ते अर्ध्या इंचाने कमी-जास्त असतात, आणि मास्टर एकाच हाताला खडू लावून दुसरी बाही तेवढीच कापण्याची शक्यता असते.

लांबी किती बदलता येईल हे बाहीच्या टोकाशी असलेल्या बटणांवर ठरते. बहुतेक तयार कोटांत ही बटणे नुसती शोभेची असतात, खाली काज कापलेले नसते. अशी बाही टोकाकडून कमी करणे सोपे आहे. पण बटणांच्या बाजूला काजाचे नकली टाके घातलेले असतील तर ते नीट पाहावेत. बाही पाऊण इंचाहून जास्त वर गेली तर शेवटचे बटण टोकाच्या फार जवळ येते आणि टाके उसवून सगळी बटणे वर सरकवावी लागतात. गडद कापडावर जुन्या टाक्यांच्या खुणा वाफेने बऱ्याचशा जातात, फिक्या आणि चमकदार कापडावर त्या राहतात. काज खरेच कापलेले असेल तर टोकाकडून अर्ध्या इंचापलीकडे काही करता येत नाही. मग बाही वरून, मुंढ्याकडून, कमी करावी लागते. ते काम खांद्याइतकेच नाजूक आहे, आणि चौकड्याच्या कापडात त्यामुळे बाहीच्या चौकटी अंगाच्या चौकटींशी जुळेनाशा होतात.

बाही वाढवायची असेल तर ती उलटी करून आत दुमडलेले कापड बोटांनी चाचपावे. साधारण सव्वा ते दीड इंच कापड सापडते. त्यातले पाऊण इंच आत राहिलेच पाहिजे, म्हणजे प्रत्यक्षात वाढ मिळते ती अर्ध्या ते पाऊण इंचाची. जुनी घडी ज्या रेषेवर होती ती रेषा दिसत राहील का, हेही विचारून घ्यावे.

लांबीबरोबर बाहीचा कलही पाहावा लागतो, आणि तो आरशात समोरून दिसत नाही. बाजूने उभे राहून पाहावे. काहींचे हात नैसर्गिकरीत्या पुढे झुकलेले असतात, आणि अशा वेळी बाहीच्या मागच्या बाजूला कोपरापासून वर तिरक्या सुरकुत्या पडतात. बाही उसवून थोडी फिरवून बसवली तर त्या जातात, पण हे महागडे काम आहे. नुसत्या बाहीच्या लांबीने हा दोष जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

भाच्याच्या ४२ च्या कोटाची बाही उजव्या हाताला पाऊण इंच आणि डाव्या हाताला अर्धा इंच लांब होती. बटणे शोभेची होती आणि नकली काजही नव्हते, त्यामुळे हा प्रश्न तिथेच मिटला.

अस्तर

अस्तर रंगावरून निवडले जाते. रेघांचे, लालभडक, फुलाफुलांचे अस्तर पाहून लोक भुलतात. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या लग्नात, कार्यालयाच्या पत्र्याखाली कोट घालून बसायचे असेल तर रंगापेक्षा धागा महत्त्वाचा ठरतो. आतल्या चिठ्ठीवर बाहेरचे कापड आणि अस्तर यांचे धागे बहुधा वेगवेगळे लिहिलेले असतात. पॉलिएस्टरचे अस्तर टिकाऊ आणि स्वस्त असते, पण घाम शोषत नाही, त्यामुळे शर्ट पाठीला चिकटतो. व्हिस्कोसचे अस्तर घाम शोषते. कापसाच्या बीवरच्या बारीक तंतूंपासून होणारे कुप्रो त्याहून मऊ, पण ते महागड्या सुटांतच सापडते. पॉलिएस्टरच घ्यायचे असेल तर उन्हाळ्यासाठी पाठीच्या खालच्या भागात अस्तर नसलेला, म्हणजे अर्ध्या अस्तराचा कोट पाहावा. बाह्यांना मात्र अस्तर असलेच पाहिजे, नाहीतर शर्टाची बाही आत अडकते. अर्ध्या अस्तराच्या कोटात आतल्या शिलाया उघड्या दिसतात, म्हणून त्यांच्या कडांना पट्टी लावलेली आहे की नुसते ओव्हरलॉक करून सोडले आहे, हे पाहावे. धागे लोंबत असतील तर दोन ड्रायक्लीनमध्ये ते वाढतील.

यापुढे अस्तर सैल आहे की आवळलेले, हे पाहायचे. अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा थोडे जास्त असावे लागते, कारण हालचालीत ताण त्याच्यावर आधी येतो. पाठीच्या मध्यावर, कॉलरपासून खाली, अस्तराला एक उभी सैल घडी असते. बोटांनी ती उघडून पाहावी, साधारण इंचभर कापड आत असावे. खालच्या कडेलाही अस्तर थोडे वरून दुमडून सैल सोडलेले असते. कोट हँगरवर लावून खालची कड पाहिली आणि ती आत वळत किंवा चुणत असेल, तर अस्तर आखूड पडले आहे. अंगावर कोट चांगला दिसला तरी पहिल्या ड्रायक्लीननंतर ही चूण वाढते.

अस्तर फाटायला सुरुवात होते ती काखेत आणि मागच्या कटाच्या कोपऱ्यात. काखेच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कापड हलकेच ताणावे. शिलाईजवळचे धागे सरकून फट दिसू लागली तर ते अस्तर कोट जुना होण्याआधीच तिथे उसवेल. ही तपासणी करताना विक्रेता नाक मुरडतो, पण मुद्दाम जोर लावला नाही तर त्यात काही बिघडत नाही.

लॅपलच्या, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्टीच्या, आतले फ्यूजिंगही याच वेळी, कोट उजेडात धरून पाहून घ्यावे. बहुतेक तयार कोटांत बकरम चिकटवलेलेच असते आणि त्यात वावगे काही नाही. लॅपलवर बारीक फुगे किंवा खरबरीतपणा मात्र दिसत असेल तर चिकटवण सुटू लागले आहे, आणि त्यावर इलाज नाही.

ऑल्टरेशन

भाच्याचा ४२ चा कोट खांद्याला, छातीला आणि मुंढ्याला बसला, आता कंबर उरली. बटण लावून पाठीवरचे सैल कापड टाचण्यांनी धरले तर ते अडीच इंच भरले. ते एकाच ठिकाणाहून काढायचे नसते. मास्टरने दोन्ही बगलेच्या शिलायांतून पाऊण-पाऊण इंच आणि पाठीच्या मधल्या शिलाईतून एक इंच असे वाटून घेतले. याहून जास्त कमी केले असते तर खिसे मागे सरकल्यासारखे दिसले असते आणि पाठीमागचा कट उघडा पडला असता. कंबर किती घट्ट करावी याची साधी परीक्षा अशी, की बटण लावल्यावर आत मूठ मावावी आणि बटणापासून फुलीसारख्या ताणरेषा निघू नयेत. जेवणाच्या पंगतीला कोट घालूनच बसायचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. कंबर सैल करायची असेल तर आधी अस्तर जरासे उसवून शिलाईत किती कापड आहे ते मास्टरकडून पाहून घ्यावे. बऱ्याच कोटांत एकूण इंचभरही निघत नाही.

कोटाची उंची फारशी बदलता येत नाही. कोट बैठक झाकेल इतका असावा. इंचाहून जास्त कमी केला तर खिसे खालच्या कडेजवळ येतात आणि पुढचे गोल कोपरे बिघडतात. त्यामुळे ठेंगण्या माणसाने कापाकापी करण्याऐवजी त्याच नंबरातला आखूड कोट मागावा, काही कंपन्या तो करतात.

पँटचा पेच खरा होता. ३६ ची पँट ३३ वर आणायची तर मागच्या शिलाईतून ३ इंच काढावे लागले असते. दोन इंचांपर्यंत हे बेमालूम होते. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांजवळ येतात आणि बगलेच्या शिलाया मागे ओढल्या जातात. म्हणून त्याच सुटातली ३४ ची पँट वेगळी मिळेल का, असे विचारले. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग गोदामातून काढून आणली. अशी अदलाबदल केली तर कोट आणि पँट दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, एकमेकांवर ठेवून पाहावेत. रंगाईचा लॉट वेगळा असेल तर ट्यूबलाइटखाली न दिसलेला छटेचा फरक तिथे चटकन दिसतो. आमच्या दोन्हींची छटा एकच निघाली, आणि कंबर फक्त एक इंच कमी करावी लागली. पँटची उंची बूट घालूनच ठरवावी. जादा कापड सगळे कापून न टाकता दीड इंच आत दुमडून ठेवायला सांगावे, कारण वाढत्या वयाच्या मुलाला ते पुढे लागते.

मास्टरला तोंडी सांगून भागत नाही. दुकानातला मास्टर दिवसाला कितीतरी कोट पाहतो, म्हणून खडूच्या खुणा आणि टाचण्या आपल्यासमोर लावून घ्याव्यात आणि बिलाच्या मागे लिहून घ्यावे: कंबर अडीच, उजवी बाही पाऊण, डावी अर्धा, कॉलर खाली. कापडाचा तुकडा आणि जादा बटण मागून घ्यावे. पुढे सिगारेटचे किंवा कापराचे भोक पडले तर रफू करायला तोच धागा लागतो.

सूट परत आल्यावर दुकानातच पुन्हा अंगावर घालावा. कंबर कमी करताना बाहेरच्या कापडाबरोबर अस्तरही तेवढेच कमी केले आहे का, हे आत हात घालून पाहावे. ते राहून गेले असेल तर आत गोळा होतो आणि पाठीवर फुगवटा दिसतो. बाहीखालून अस्तर डोकावत नाही ना, हेही पाहावे. भाच्याच्या डाव्या बाहीत नेमके हेच झाले होते. मास्टरने जागेवर चार टाके घालून अस्तर वर घेतले. मग घरी आल्यावर मागच्या कटावरची फुलीची कच्ची शिलाई, खिशांची तात्पुरती शिलाई आणि बाहीवरची कंपनीची चिठ्ठी बारीक कात्रीने काढली, कारण लग्नाच्या फोटोंत कटावर ती पांढरी फुली तशीच असलेले पाहुणे मी दरवर्षी दोन-तीन तरी पाहतो.